पावसाळ्यानंतर बंद पडलेला सोलर दिवा

प्रश्न: अंगणातले सोलर दिवे पावसाळ्यानंतर पेटतच नाहीत, एखादा पेटला तर अर्ध्या तासात विझतो. फेकून द्यावेत का?

उत्तर: थांबा, इतक्यात फेकू नका. आधी पॅनेल ओल्या फडक्याने पुसा, शेवाळाचा हिरवट थर असेल तर थोडा साबण लावा. दोन दिवस कडक ऊन देऊनही फरक पडला नाही, तर मागचे स्क्रू काढून दिवा उघडा. आत पाणी असेल तर सुकवा. सेलच्या टोकाला आणि स्प्रिंगवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड दिसली, तर व्हिनेगर लावलेल्या जुन्या टूथब्रशने घासा आणि नीट वाळू द्या.

आता सेल. लहान दिव्यांत बहुधा १.२ व्होल्टचा एकच रिचार्जेबल पेन्सिल सेल असतो. त्याच्या जागी घड्याळातला सेल क्षणभर घाला आणि पॅनेल हाताने झाका. दिवा पेटला तर सर्किट ठीक, दोष जुन्या सेलचा किंवा चार्जिंगचा. घड्याळाचा सेल मात्र लगेच काढा, तो चार्ज करायचा नसतो, फुटून गळतो.

नवा सेल १.२ व्होल्टचा निकेल मेटल हायड्राइडच घ्या. माझ्या चारपैकी तीन दिवे एवढ्यावरच सुरू झाले. चौथ्याची पॅनेलची वायरच गंजून तुटली होती.