आवाज फाटतोय, पण मीटर हिरवाच? माइक बदलण्याआधी हे तपासा

प्रश्न: तीन महिन्यांपासून पॉडकास्ट करतेय. पाहुणे जोरात हसले किंवा आवाज चढला की रेकॉर्डिंग फाटतं. छोटा मिक्सर यूएसबीने लॅपटॉपला जोडते. लॅपटॉपवरचा मीटर एकदाही लाल होत नाही. दुकानदार म्हणतो माइक बदला. बदलू का?

उत्तर:

नका बदलू. निदान आज तरी नको. तुमचा प्रश्न वाचला आणि माझं सगळं वर्ष डोळ्यांसमोर आलं, कारण मी नेमक्या याच जागी माइक बदलला होता आणि त्याने त्रास वाढला.

आधीच सांगते, मी साउंडचं शिक्षण घेतलेलं नाही. पुण्यात राहते, आसपासच्या गावांतल्या बायकांशी बोलून त्यांची गाणी, आठवणी रेकॉर्ड करते. खाली लिहिलंय ते एका मैत्रिणीने दाखवलेलं आहे. ती प्रायोगिक नाटकांना साउंड बघते. तुमचा मिक्सर कुठला ते मला माहीत नाही, त्यामुळे बटणांच्या जागा थोड्या इकडेतिकडे असतील.

भोर तालुक्यातल्या एका आजींकडे मी जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करायला गेले होते. शेजारच्या मावशी जात्याला समोर बसल्या होत्या. एकीने ओवी उचलायची, दुसरीने झेलायची. बोलणं सुंदर आलं, पण ओवी वर चढली की आवाज फाटायचा. मी काय केलं? रेकॉर्डिंगमध्ये आवाज जास्त येतोय असं समजून मिक्सरचा मेन फेडर, म्हणजे बाहेर जाणारा एकूण आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी, खाली ओढला. लॅपटॉपवरचा मीटर शांत झाला, हिरव्यात आला, आणि मी निश्चिंत होऊन चाळीस मिनिटं रेकॉर्ड केलं. माझी सगळ्यात महागात पडलेली चूक ती हीच.

घरी येऊन ऐकलं तर फाटणं जसंच्या तसं, फक्त हळू आवाजात. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये `View > Show Clipping in Waveform` चालू करून बघितलं, एकही लाल रेघ नाही. म्हणजे क्लिपिंग, मर्यादेपलीकडचा आवाज कापला जाणं, ते झालेलं नाही, म्हणजे यंत्रातच दोष, असं मी ठरवून टाकलं आणि मिक्सर सर्व्हिस सेंटरला दिला. त्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. त्यांनी तो एकोणीस दिवस ठेवला. सगळी बटणं मधोमध ठेवून शिट्टीसारखा एक टोन सोडला, तो नीट ऐकू आला, आणि कागदावर ‘दोष आढळला नाही’ लिहून तपासणीचे पैसे घेतले. मी फाटलेली फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन गेले होते, ती कुणी लावूनसुद्धा बघितली नाही. तुम्ही बटणं कुठे ठेवता, एवढा एक प्रश्न विचारला असता तरी काम झालं असतं. निघताना सल्ला मिळाला की ‘मॅडम, माइक हलका आहे, कंडेन्सर घ्या.’ मी घेतला.

कंडेन्सर माइक तेवढ्याच आवाजाला साध्या डायनॅमिकपेक्षा बराच जास्त सिग्नल देतो. ढोबळ मानाने पंधरा-वीस डीबी जास्त धरा. मी मिक्सरवरचं माइकचा सिग्नल मोठा करणारं गेनचं बटण होतं तिथेच ठेवलं. आधी फक्त ओवी फाटायची, आता हसणंही फाटायला लागलं.

शेवटी मैत्रीण घरी आली. तिने फाइल ऐकण्याआधी उघडून बघितली. ओवीचा वरचा सूर होता तिथे लहर मोठी केली आणि म्हणाली, “अगं, हे बघ, डोंगराची शिखरं कापून पठार केलंय. आणि पठार कुठे आहे बघ.” डावीकडच्या पट्टीवर सगळ्यात वर 1 असतो, तीच डिजिटलची कमाल मर्यादा, म्हणजे 0 डीबी. माझी पठारं 0.25 वर होती. एकच्या जागी पाव. डीबीत सांगायचं तर उणे 12.

सगळी गोम या एका निरीक्षणात आहे. लॅपटॉपकडे आल्यावर आवाज कापला गेला असता, तर पठार 1 ला टेकलं असतं आणि ऑडॅसिटीने लाल रेघा दाखवल्या असत्या. ते सॉफ्टवेअर फक्त कमाल मर्यादेला टेकलेले भाग शोधतं. पठार पावावर आहे याचा अर्थ आवाज आधीच कुठेतरी कापला गेला आणि मग लहान करून लॅपटॉपला पाठवला गेला.

“मिक्सरवर गेनजवळचा लाल दिवा लागत होता का?”

“लागायचा, पण आजी वर चढल्या तेव्हाच. लॅपटॉपवर तर हिरवंच होतं.”

“पिठलं तळाशी करपलं आणि नंतर त्यात पाणी घातलं, तर करपट वास जातो का? गेन म्हणजे तुझी शेगडी. फेडर म्हणजे नंतर घातलेलं पाणी.”

माइकचा सिग्नल फार बारीक असतो. मिक्सरमध्ये शिरल्यावर तो सर्वांत आधी गेनच्या बटणाने मोठा होतो, आणि त्या मोठं करणाऱ्या सर्किटला स्वतःची मर्यादा असते. सिग्नल त्यापलीकडे गेला की शिखरं तिथेच कापली जातात. फेडर त्यानंतर येतो, आणि अनेक छोट्या मिक्सरमध्ये यूएसबीला जाणारा आवाज मेन फेडरच्याही नंतरचा असतो. म्हणून लॅपटॉपचा मीटर तुम्हाला फक्त शेवटच्या टप्प्यावरची पातळी सांगतो, वाटेत काय झालं ते त्याला कळत नाही. माझा गेन घड्याळातल्या तीनच्या जागी होता आणि मेन फेडर 0 च्या खुणेच्या बराच खाली. जुन्या माइकच्या काळात, लांब बसून हळू बोलणाऱ्या एका पाहुणीसाठी गेन वाढवला होता, तो तसाच राहिला होता.

मग तिने जे करायला लावलं ते तुम्ही आजच करा, दहा मिनिटं लागतात. गेन आत्ता आहे तिथेच ठेवा, माइकपासून एक वीत अंतरावर बसा, मोठ्याने हसा आणि ते रेकॉर्ड करा. आता मेन फेडर 0 च्या खुणेवर आणा, चॅनेलला वेगळा फेडर किंवा लेव्हलचं बटण असेल तर तेही त्याच्या खुणेवर ठेवा, आणि गेन पूर्ण खाली. पुन्हा हसत हसत गेन हळूहळू वाढवा. लाल दिवा लुकलुकला की थांबा आणि तिथून बरंच मागे या, इतकं की कितीही जोरात हसलात तरी दिवा लागणार नाही. मग तसंच हसणं परत रेकॉर्ड करा. दोन्ही लहरी शेजारी ठेवून मोठ्या करून बघा. माझ्याकडे दोन्हींची उंची जवळपास सारखी होती, पण एकीचा माथा सपाट आणि दुसरीचा गोल. माइक, मिक्सर, खोली, काहीच बदललं नव्हतं.

पठार अगदी पट्टीने ओढल्यासारखं नसेल, तर लगेच निकाल देऊ नका. मिक्सरमधून पुढे जाताना ते थोडं कलतं होऊ शकतं. सगळी शिखरं एकाच उंचीवर तुटलेली दिसली की समजायचं.

एक खात्री मात्र आधी करून घ्या. आवाज चढला की फाटतो आणि उतरला की साफ, असं असेल तरच हे क्लिपिंग. फक्त प, फ, भ म्हणताना धाप्प आवाज येत असेल तर तो श्वासाचा झोत आहे. माइक जरा तिरका धरा आणि पुढे जाळी लावा. हळू बोलतानाही मध्येच कटकट होत असेल तर यूएसबीची केबल किंवा लॅपटॉपची सेटिंग बघा. हे तिन्ही त्रास लोक ‘आवाज फाटतो’ याच शब्दांत सांगतात, म्हणून चुकीची औषधं मिळतात.

आता मी पाहुण्याला ‘एक दोन तीन’ म्हणायला लावत नाही. त्या बोलण्यावर गेन लावला तर हसण्याला जागाच उरत नाही. गाणाऱ्या बाईंना सगळ्यात वर चढणारी ओळ आधी गायला सांगते आणि गेन त्यावर लावते. साधं बोलणं मग मीटरवर उणे 18 च्या आसपास राहतं, दिसायला बारीक वाटतं. वाटू दे. बारीक आलेला आवाज नंतर वाढवता येतो. त्याबरोबर पंख्याची घरघर थोडी वाढते खरी, पण ती सहन होते. गेन पूर्ण खाली असूनही दिवा लागत असेल, तर माइकवर किंवा मिक्सरवर सिग्नल लहान करणारं पॅडचं बटण आहे का बघा, नाहीतर अंतर दुप्पट करा. अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण 6 डीबीने उतरतो.

माझं मत विचाराल तर (हे पटलंच पाहिजे असं नाही) खूप मोठे आवाजही सांभाळून घेणाऱ्या 32 बिट फ्लोटच्या रेकॉर्डरवरही यासाठी पैसे घालू नका. माइक थेट त्यात जोडणार असाल तर तो फार उपयोगी आहे. पण मिक्सरमध्ये आधीच कापलेला आवाज त्यात सोडला, तर तोही ते पठारच जपून ठेवेल.

जुन्या फाइल्सचं काय, हेही मनात असेल. ऑडॅसिटीत `Clip Fix` आहे. ते कापलेली शिखरं आजूबाजूच्या वळणावरून अंदाजाने भरतं. पूर्ण फाइल निवडू नका, फाटलेला तुकडाच निवडा. हसण्याचे छोटे भाग माझे बऱ्यापैकी सुधारले. ओव्या नाही सुधारल्या, कारण वरचा सूर लांबवर धरलेला होता आणि शिखरामागून शिखर कापलेलं होतं. अंदाज करायला मधे काही उरलंच नव्हतं.

चार महिन्यांनी मी परत भोरला गेले. आजींनी सगळ्या ओव्या पुन्हा गायल्या, या वेळी स्वच्छ आल्या. पण समोर बसून झेलणाऱ्या मावशी तोवर मुलाकडे मुंबईला गेल्या होत्या. दोघींची एकत्र ओवी माझ्याकडे आहे ती फाटलेलीच, आणि ती मी तशीच जपून ठेवलीये.

तुमच्या फाइलमध्ये पठार कुठल्या आकड्यावर आहे ते इथे लिहा. सोबत मिक्सरचा फोटो टाका, रेकॉर्डिंग करताना बटणं जशी असतात तशी ठेवून. 1 ला टेकलं असेल तर गडबड लॅपटॉपच्या बाजूला आहे, मग वेगळं बघावं लागेल. खाली असेल तर दुकानदाराला फोन करायच्या आधी गेन उतरवा.