सूर्य आणि व्याध: पीपी साखळी कुठे अडते, सीएनओ चक्र कुठे अडतं

प्रश्न: सूर्यात पीपी म्हणजे प्रोटॉन-प्रोटॉन साखळी चालते आणि मोठ्या ताऱ्यांत सीएनओ म्हणजे कार्बन-नायट्रोजन-ऑक्सिजन चक्र, असं वाचलं. दोन्हीकडे शेवटी चार हायड्रोजनचं एक हेलियमच होतं. मग ताऱ्याने कुठला मार्ग घ्यायचा हे कशावर ठरतं? आणि सूर्यात कार्बन असूनही तिथे सीएनओ का चालत नाही?

उत्तर:

चालतं की! सूर्याच्या एकूण ऊर्जेपैकी साधारण एक टक्का सीएनओमधून येतो. तारा दोनपैकी एक मार्ग निवडत नाही. हायड्रोजन आहे, थोडा कार्बन-नायट्रोजन आहे आणि पुरेसं तापमान आहे, तर एकाच गाभ्यात दोन्ही प्रक्रिया सुरूच असतात. बघायचं एवढंच की कोणाचा वेग किती. आणि वेग ठरतो सगळ्यात रखडणाऱ्या पायरीवर, म्हणून दोन्हींमधली ती पायरी नीट बघू.

पीपी साखळी पहिल्याच पायरीला रखडते. दोन प्रोटॉन एकमेकांना दूर ढकलतात, तरी पुंजयांत्रिकीतल्या टनेलिंगमुळे अधूनमधून पुरेसे जवळ येतात. पण तेवढ्याने भागत नाही. नुसत्या दोन प्रोटॉनांचं केंद्रक टिकतच नाही. ते एकत्र असण्याच्या त्या अत्यल्प क्षणात एकाचं न्यूट्रॉनमध्ये रूपांतर व्हावं लागतं, आणि ते काम क्षीण बलाचं आहे. त्यामुळे जवळजवळ सगळ्या भेटी फुकट जातात. सूर्याच्या केंद्रातल्या एका प्रोटॉनला यश मिळायला सरासरी दहा अब्ज वर्षांच्या घरात वेळ लागतो. एकदा ड्यूटेरियम बनलं की मात्र काही सेकंदांत त्याचं हेलियम-३ होतं. पुढे दोन हेलियम-३ एकत्र येऊन हेलियम-४ तयार होतं आणि दोन प्रोटॉन परत मिळतात. (साखळीचे आणखी फाटे आहेत, पण मुख्य रस्ता हाच.)

सीएनओ चक्र असं:

```
¹²C + p → ¹³N + γ
¹³N → ¹³C + e⁺ + ν
¹³C + p → ¹⁴N + γ
¹⁴N + p → ¹⁵O + γ   (सर्वांत संथ)
¹⁵O → ¹⁵N + e⁺ + ν
¹⁵N + p → ¹²C + ⁴He
```

क्षीण बल इथेही आहे, दुसऱ्या आणि पाचव्या पायरीत. पण तिथे ते घाईत नसतं. नायट्रोजन-१३ हे किरणोत्सारी केंद्रक तयार होऊन बसलेलं असतं, त्याचा अर्धायुकाल सुमारे दहा मिनिटं. ऑक्सिजन-१५चा दोन मिनिटं. प्रोटॉनांच्या ओझरत्या भेटीत जे घडणं जवळपास अशक्य असतं, ते इथे निवांत उरकतं. अडचण वेगळीच आहे: प्रोटॉनला सात धन प्रभार असलेल्या नायट्रोजनमध्ये शिरायचंय. प्रतिकर्षणाची भिंत इथे फार उंच आहे.

गोंधळ इथेच होतो. एखादी प्रक्रिया संथ असणं आणि ती तापमानाला हळवी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पीपी संथ आहे ती क्षीण बलामुळे, आणि त्या अडथळ्याला तापमान वाढल्याने काही फरक पडत नाही. तिची विद्युत भिंत ठेंगणी असल्याने वेग साधारण तापमानाच्या चौथ्या घाताने वाढतो. सीएनओची भिंत उंच, म्हणून घात १६ ते २०. आता आकडे घालून बघा. गाभ्याचं तापमान दहा टक्के वाढवलं, तर पीपीचा वेग १.१ चा चौथा घात, म्हणजे जवळपास दीडपट. सीएनओसाठी घात १८ धरला तर साडेपाचपट.

सूर्याच्या केंद्राचं तापमान सुमारे १.५७ कोटी केल्विन आहे. दोन्ही प्रक्रिया बरोबरीला येतात ते साधारण १.७ ते १.८ कोटींच्या आसपास. सूर्याच्या सुमारे १.३ पट वस्तुमानाच्या ताऱ्याचा गाभा तिथपर्यंत पोचतो. आता कुणी म्हणेल, एक टक्क्यावरून बरोबरी म्हणजे शंभरपट वाढ हवी, घातांतला फरक १३-१४, मग तापमान चाळीस टक्के वाढायला हवं, म्हणजे २.२ कोटी! हा हिशेब मीही एकदा मांडला होता आणि पुस्तकातला आकडाच चुकलाय असं बरेच दिवस वाटत होतं. चूक माझीच होती. तो एक टक्का अख्ख्या गाभ्याची बेरीज आहे. केंद्रापासून बाहेर जाताना तापमान उतरतं, तसं सीएनओ झपाट्याने विझतं, पण पीपी बऱ्याच दूरपर्यंत चालू राहते. अगदी केंद्रापाशी सीएनओचा वाटा एक टक्क्याहून बराच जास्त असतो.

याच तीव्र उतारामुळे ताऱ्याची घडणही बदलते. व्याध घ्या. त्याचं वस्तुमान सूर्याच्या जवळपास दुप्पट, तेज सुमारे २५ पट. तिथे सीएनओचं राज्य आहे, त्यामुळे सगळी उष्णता मधल्या छोट्याशा भागात निर्माण होते. नुसत्या प्रारणाने ती बाहेर नेणं जमत नाही आणि गाभा उकळत्या पातेल्यासारखा ढवळला जातो. सूर्याचा गाभा ढवळत नाही. तिथे केंद्रातलं हेलियम जागच्या जागी साठत राहतं. मात्र व्याध सीएनओमुळे तेजस्वी आहे असं म्हणू नका. तेज मुख्यतः वस्तुमानावर ठरतं. तेवढी ऊर्जा पुरवण्यासाठी गाभा ज्या तापमानाला स्थिरावतो, तिथे सीएनओ पुढे असतं.

कार्बन संपतो का, हा पुढचा प्रश्न येणारच. कार्बन, नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या केंद्रकांची एकूण संख्या तीच राहते, पण वाटणी बदलते. नायट्रोजन-१४ची पायरी सगळ्यात संथ असल्याने माल तिथे तुंबतो, टोलनाक्यावर गाड्या तुंबाव्यात तसा. चक्र स्थिरावल्यावर बहुतेक केंद्रकं नायट्रोजन-१४च्या रूपात असतात. तारा लाल राक्षसी झाला की हा माल ढवळून पृष्ठभागावर येतो आणि वर्णपटात दिसतो: नायट्रोजन वाढलेला, कार्बन-१२ आणि कार्बन-१३चं गुणोत्तर घसरलेलं. सूर्यमालेत ते ८९च्या आसपास आहे, अशा ताऱ्यांत बरेचदा २०-३०. आत सीएनओ चाललं होतं याची ही खूण. आपण श्वासात घेतो त्या नायट्रोजनचा बहुतेक भागही असाच कुठल्या तरी ताऱ्यात तुंबून तयार झालेला आहे.

नायट्रोजन-१४ची ही पायरी प्रयोगशाळेत मोजणं अवघड होतं. इटलीत ग्रान सास्सो डोंगराखालच्या लूना प्रयोगाने २००४च्या सुमारास दाखवलं की तिचा वेग आधीच्या अंदाजाच्या निम्माच आहे. त्या एका आकड्याने गोलाकार तारकागुच्छांची वयं ७० कोटी ते १ अब्ज वर्षांनी वाढली, कारण त्यांच्यातले तारे हायड्रोजन संपत आल्यावर सीएनओवर येतात आणि ते स्थित्यंतर उशिरा होतं असं ठरलं.

सूर्यातल्या एक टक्क्याचा थेट पुरावा त्याच डोंगराखालच्या बोरेक्सिनोने, म्हणजे द्रवाने भरलेल्या टाकीत न्यूट्रिनो टिपणाऱ्या प्रयोगाने, २०२०मध्ये दिला. पीपीच्या पहिल्या पायरीतल्या न्यूट्रिनोंची ऊर्जा ०.४२ एमईव्हीच्या वर जात नाही, सीएनओचे १.७३पर्यंत जातात. पण नेमक्या त्याच पट्ट्यात द्रवातल्या बिस्मथ-२१०चा किरणोत्सार त्यांच्यासारखाच दिसतो. टाकीतल्या प्रवाहांमुळे तो किती आहे हे मोजता येईना, म्हणून अख्खी टाकी उष्णतारोधक आवरणात गुंडाळून द्रव स्थिर केला गेला. मग हाती लागले ते १०० टन द्रवामागे दिवसाला सुमारे ७ न्यूट्रिनो.

१९३९मध्ये हान्स बेथेने हे चक्र मांडलं तेव्हा सूर्य त्यावरच चालतो असा त्याचा निष्कर्ष होता. सूर्याच्या केंद्राचं तापमान तेव्हा दोन कोटींच्या आसपास धरलं जाई. वरचा अठरावा घात लावून बघा, तेवढ्या फरकाने काय होतं ते.