बोअरच्या जड पाण्याला कुठला प्युरिफायर?

प्रश्न : वाघोलीत नवीन फ्लॅट घेतलाय, पाणी बोअरचं. मीटरवर टीडीएस ८००च्या आसपास येतो, नळांवर पांढरा थर बसतो, डाळ शिजायला वेळ लागतो. यूव्ही चालेल की आरओच लागेल? केंट, ॲक्वागार्ड, ए. ओ. स्मिथ यांत भरवशाचं कोण?

उत्तर :

आरओच लागेल, पण मशीन बघायला जाण्याआधी पाण्याचा जडपणा मोजून घ्या. तुमच्याकडचा आकडा टीडीएसचा आहे आणि तो मीटर पाण्यातून वीज किती वाहते तेवढंच बघतो. तो क्षार मिठाचा आहे की कॅल्शियम-मॅग्नेशियमचा, हे त्याला कळत नाही. टीडीएस दोन्हीकडे ८०० असूनही एका बोअरचं पाणी मचूळ आणि दुसऱ्याचं जड असू शकतं. मशीन मात्र जड पाण्यानेच लवकर मरतं.

पाण्याचा नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत किंवा एखाद्या चांगल्या खासगी लॅबमध्ये द्या. रिपोर्टात टोटल हार्डनेस आणि नायट्रेट हे दोन आकडे आधी बघा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) जडपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतं. नायट्रेटला मात्र ४५च्या वर कसलीही सूट नाही, आणि ते चवीला किंवा डोळ्याला कळतही नाही.

जडपणा २००च्या आत, टीडीएस ५००च्या आत आणि नायट्रेट ठीक असेल, तर यूव्ही किंवा यूएफ पुरेसं आहे. यूव्ही जंतू मारतं आणि यूएफ ते गाळून काढतं, पण क्षार दोघांनाही काढता येत नाहीत. शिवाय जड पाण्यात यूव्हीच्या दिव्यावरच्या काचनळीवर थर चढतो आणि प्रकाश पाण्यापर्यंत नीट पोचत नाही. मशीनचा हिरवा दिवा लागलेला असतो, काम मात्र अर्धवट होतं. जडपणा २०० ते ६००च्या दरम्यान असेल तर आरओ घ्या. ६००च्या वर गेला तर आधी सॉफ्टनर बसवा आणि मग आरओ.

सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम सोडतो. त्यामुळे थर बसायचा थांबतो, पण टीडीएस जवळपास तेवढाच राहतो. ६०० जडपणाच्या पाण्यात असं लिटरला पावणेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम येतं. घरात कुणाला रक्तदाब असेल तर नुसतं सॉफ्टनरचं पाणी प्यायला देऊ नका.

आता आमच्या घरचं सांगतो, कारण मशीन कुठल्याही कंपनीचं घेतलं तरी गाडी इथेच अडते. आमचं बोअरही तुमच्याच भागातलं. टीडीएस ७८०, जडपणा ५४०. पहिलं मशीन स्थानिक दुकानातून जुळवून घेतलेलं होतं आणि त्याचा मेम्ब्रेन, म्हणजे क्षार अडवणारा आतला पडदा, सात महिन्यांत गेला. काढून हातात घेतला तर नेहमीपेक्षा जड लागला, आणि एका टोकाला पांढरी खरड होती. दुसरा मेम्ब्रेनही मंदावायला लागला तेव्हा मी दोन बादल्या लावून बसलो. दहा मिनिटांत शुद्ध पाणी दीड लिटर आणि वाया जाणारं फक्त एक लिटर. बसवणाऱ्याने पाणी वाचवायचं म्हणून लहान एफआर लावला होता. वाया जाणाऱ्या नळीत फ्लो रिस्ट्रिक्टर नावाची छोटी कांडी असते, तोच एफआर.

हिशोब असा. आत आलेल्या अडीच लिटरमधला जवळजवळ सगळा चुना त्या एका लिटरमध्ये गोळा होतो. म्हणजे ५४०चा जडपणा मेम्ब्रेनच्या शेवटच्या टोकाशी १३५०वर जातो, आणि तिथे चुना बसणारच. मी ४५०चा एफआर लावून घेतला. तो मिनिटाला साधारण ४५० मिलिलिटर पाणी सोडतो. आता दहा मिनिटांत शुद्ध पाणी १.८ लिटर आणि वाया जाणारं साडेचार लिटर येतं. त्या टोकाचा जडपणा साडेसातशेच्या आसपास राहतो. सोबत चुना बसू न देणाऱ्या अँटिस्केलंटची कार्ट्रिज बसवली. त्याला दोन वर्षं झाली, मेम्ब्रेन तोच आहे. वाया जाणारं पाणी बादलीत धरतो आणि फरशी, संडास त्यावर भागवतो. कुंड्यांना मात्र रोज तेच घालू नका, मातीत क्षार साचतात.

तुमचा टीडीएस मीटर याच कामाला छान येतो. वाया जाणाऱ्या नळीचं पाणी मोजा. मूळ पाण्याच्या दीडपटीच्या आत असेल तर ठीक. दुपटीच्या वर गेलं, तर निम्म्याहून जास्त पाणी शुद्ध म्हणून ओढलं जातंय आणि मेम्ब्रेनचे दिवस भरत आलेत. पुढे शुद्ध पाण्याची धार महिन्यागणिक बारीक होत गेली तर चुना बसतोय असं समजा. धार चांगली असून शुद्ध पाण्याचा टीडीएस एकदम चढला, तर मेम्ब्रेनची रिंग सुटली असेल किंवा कुणीतरी टीडीएस कंट्रोलर उघडला असेल. हा कंट्रोलर मेम्ब्रेनमधून न गेलेलं पाणी परत शुद्ध पाण्यात मिसळतो. तुमच्या रिपोर्टात नायट्रेट जास्त निघालं तर तो पूर्ण बंद करायला सांगा, नाहीतर तेच नायट्रेट ग्लासात येईल.

म्हणूनच ‘पाणीबचत’ म्हणून विकली जाणारी, निम्म्याहून जास्त पाणी शुद्ध करून देणारी मॉडेल्स तुमच्या पाण्याला लगेच घेऊ नका. माहितीपुस्तिकेत आत येणाऱ्या पाण्याचा कमाल टीडीएस आणि कमाल जडपणा दिलेला असतो. तुमचा आकडा त्याच्या काठावर असेल तर ते मॉडेल सोडून द्या.

कंपन्यांचं म्हणाल तर तिन्ही चांगल्या आहेत, पण जड पाण्यात मी सुटे भाग आधी बघेन. केंटच्या ग्रँडसारख्या जुन्या धाटणीच्या मॉडेल्समध्ये मेम्ब्रेन आणि फिल्टर प्रचलित मापाचे असतात, त्यामुळे गल्लीतला मेकॅनिकही बदलून देतो. त्यांच्या काही मॉडेल्समध्ये वाया जाणारं पाणी गच्चीवरच्या टाकीत परत चढवायची सोय असते. बंगल्याच्या मोठ्या टाकीला ती चालेल, कारण ते पाणी भरपूर पाण्यात मिसळतं. फ्लॅटच्या छोट्या टाकीत मात्र जडपणा हळूहळू वाढत जाईल. ए. ओ. स्मिथची बांधणी मला आवडते, पण फिल्टर आणि मेम्ब्रेन त्यांचेच घ्यावे लागतात, म्हणून वर्षाच्या देखभालीचा दर आधी लेखी घ्या. प्युअरइट २०२४ पासून त्यांच्याच मालकीचं आहे. ॲक्वागार्डचं सेवाजाळं जुनं आणि मोठं आहे. त्यांच्या नव्या मॉडेल्सना कंपनीच्याच कार्ट्रिज लागतात का, ते दुकानातच विचारून घ्या.

तुमच्या जागी मी असतो तर जडपणा ६००च्या आत निघाल्यावर प्रचलित मेम्ब्रेनचं केंट घेतलं असतं, अँटिस्केलंट लावलं असतं आणि बसवायला येणाऱ्याकडून दोन बादल्यांची मोजणी माझ्यासमोरच करून घेतली असती. ६००च्या वर निघाला तर सोसायटीच्या मीटिंगमध्ये सामायिक सॉफ्टनरचा विषय काढा, त्याने गिझरही वाचतील.