चलन-स्वॅपमधले मुद्दल 'काल्पनिक' नसते

"एका कंपनीच्या वार्षिक अहवालाचा मराठी अनुवाद करते आहे. करन्सी स्वॅपच्या टिपेत 'नोशनल प्रिन्सिपल' असा शब्द आहे. 'काल्पनिक मुद्दल' लिहिले तर चालेल का? आणि स्वॅपला 'विनिमय' म्हणू की 'अदलाबदल'?"

'काल्पनिक' अजिबात लिहू नका. व्याजदर-स्वॅपमध्ये तो शब्द एक वेळ खपेल, कारण तिथे मुद्दल फक्त व्याज काढण्यापुरते असते. दोन्ही व्याजे एकाच चलनात असल्याने फरक तेवढा एकाकडून दुसऱ्याकडे जातो. तिथेही मी 'हिशेबापुरते मुद्दल' म्हणेन. चलन-स्वॅपमध्ये मात्र मुद्दल खरोखर हात बदलते, सुरुवातीला एकदा आणि मुदत संपताना उलट दिशेने पुन्हा एकदा. व्याजेही दोन चलनांत असल्याने सहसा दोन्ही पूर्ण दिली-घेतली जातात.

फोर्टमधल्या एका बँकेच्या ट्रेझरीत मी अनेक वर्षे या करारांची पुष्टीपत्रे तपासली. त्यांत पहिल्या आणि अखेरच्या देवघेवीचे रकाने वेगळे असतात, आणि दोन्हींत रकमा त्याच. फक्त देणारा आणि घेणारा बदलतो. अखेरच्या दिवशी बाजारात डॉलर कितीला मिळतो हे तिथे कोणी विचारत नाही.

एक उदाहरण घेऊ. आकडे सोयीसाठी मी घेतले आहेत. मुंबईतल्या कंपनीने परदेशातून 1 कोटी डॉलर कर्ज घेतले, पण तिला खर्च रुपयांत करायचा आहे. डॉलर 80 रुपये असताना ती ते डॉलर बँकेला देते आणि 80 कोटी रुपये घेते. दरवर्षी बँक तिला 5 टक्क्यांनी 5 लाख डॉलर देते, त्यातून कर्जाचे व्याज भागते. ती बँकेला 8 टक्क्यांनी 6.40 कोटी रुपये देते. शेवटी ती 80 कोटी परत करते आणि 1 कोटी डॉलर परत घेऊन कर्ज फेडते.

आता दोन वर्षे उरली आहेत, या वर्षीचे व्याज नुकतेच चुकते झाले आहे. डॉलर 84 रुपये, रुपयाचा व्याजदर 7 टक्के, डॉलरचा 4 टक्के. या स्वॅपची आजची किंमत काय? करार म्हणजे दोन रोखे समजायचे: डॉलरचा रोखा कंपनीच्या हातात, रुपयाचा तिच्या डोक्यावर. प्रत्येक रोख्याच्या रकमा त्याच्याच चलनाच्या व्याजदराने आजच्या किमतीला आणायच्या. डॉलरच्या बाजूचे 101.89 लाख डॉलर होतात. 84 ने गुणले की 85.58 कोटी रुपये. रुपयाच्या बाजूचे 81.45 कोटी. कंपनीला फायदा सुमारे 4.14 कोटींचा (शेवटच्या अंकातल्या फरकाकडे लक्ष देऊ नका, तो दशांश दोन स्थळांपर्यंत ठेवण्यातला आहे).

आता मुद्दल 'काल्पनिक' मानून वगळा आणि फक्त व्याजे मोजा. आजच्या किमतीत येणारे 7.92 कोटी, जाणारे 11.57 कोटी. म्हणजे 3.65 कोटींचा तोटा! एका विशेषणाने फायद्याचा तोटा होतो.

असे का होते ते व्याजदरांतच आहे. रुपयाचा व्याजदर जास्त, म्हणून पुढचा डॉलर आजच महाग ठरतो: दोन वर्षांनंतरच्या व्यवहारासाठी आजच ठरणारा दर, म्हणजे फॉरवर्ड दर, 84 ला 1.07 ÷ 1.04 ने दोनदा गुणून सुमारे 88.92 रुपये येतो. कंपनी वर्षानुवर्षे जास्त व्याज भरते आणि त्याचा मोबदला तिला शेवटी मिळतो, बाजारात 88.92 ला पडणारा डॉलर 80 ला हाती येतो तेव्हा. मधली वर्षे तोट्याची आणि शेवटचा दिवस फायद्याचा, ही या कराराची ठेवण आहे. म्हणूनच कंपनीची मोठी जोखीमही त्या शेवटच्या दिवशीच असते. समोरची बँक तोवर टिकली पाहिजे.

प्रत्यक्षात सगळ्या मुदतींना एकच व्याजदर नसतो, आणि मुंबईच्या बाजारात रुपयाची बाजू बऱ्याचदा 'मॉडिफाइड मायफॉर' या दरावरून ठरते. तो 2021 पासून डॉलरच्या सोफर या व्याजदरात फॉरवर्ड प्रीमियम, म्हणजे फॉरवर्ड दराचा आजच्या दरावरचा चढावा, मिळवून काढला जातो. त्यामुळे सरकारी रोख्यांचे दर लावून काढलेली किंमत आणि बँकेने सांगितलेली किंमत जुळत नाही. तरी रीत हीच.

राहिला 'विनिमय'. तो शब्द 'विनिमय दर' आणि 'परकीय चलन विनिमय' यांत अडकला आहे, आणि त्यातून वाटते की पैसे बदलले, व्यवहार संपला. 'अदलाबदल'मध्येही परतफेड दिसत नाही, पण गोंधळ कमी होतो. बाजारात सगळे 'स्वॅप'च म्हणतात. मी पहिल्यांदा 'चलन अदलाबदल करार (स्वॅप)' लिहून पुढे 'स्वॅप' ठेवीन.

'मुद्दल' मात्र जपून ठेवा. तमिळमध्ये 'मुदल' म्हणजे पहिला, आणि भांडवलही. तुमच्या टिपेत लिहा: "कराराचे मुद्दल 1 कोटी डॉलर / 80 कोटी रुपये, सुरुवातीला व अखेरीस प्रत्यक्ष देवघेव, दर 80 रुपये."