वाटाण्याच्या अक्षता म्हणजे फसवणूक नव्हे

«मुलीच्या सरावपत्रिकेत असं वाक्य होतं: ‘घरोघरी नळ देण्याचा शब्द देऊन निवडून येताच पुढाऱ्याने गावकऱ्यांच्या ______.’ तिने ‘वाटाण्याच्या अक्षता लावल्या’ निवडलं, ते चूक धरलं. उत्तर होतं ‘तोंडाला पाने पुसली’. दोन्हींचा अर्थ फसवणेच ना?»

नाही! ‘ग्राहकांना वाटाण्याच्या अक्षता लावून लाखो रुपये लुबाडले’ असली वाक्यं बातम्यांत ऐकून कान किटले आहेत. लुबाडणाऱ्याने अक्षता कधी लावल्या?

अक्षत म्हणजे न तुटलेला, अखंड तांदूळ. अक्षत देणे म्हणजे आमंत्रण देणे. पुण्यात आजही लग्नाची पहिली अक्षत कसबा गणपतीला जाते. आता ओल्या कुंकवात भिजवलेले चार तांदूळ कपाळाला लावून बघा. वाळले तरी चिकटून राहतात. तिथेच वाटाणा लावा, भुवईवरून नाकाशी आणि नाकावरून थेट जमिनीवर! लावल्यासारखं झालं, पण टिकलं काहीच नाही. मागायला आलेल्याला रिकाम्या हाती परत पाठवणं ते हेच. काही मार्गदर्शिकांत ‘खोट्या अक्षता, म्हणून फसवणे’ असा अर्थ लावतात, तो मला साफ अमान्य आहे. खोटेपणाच दाखवायचा असता तर ज्वारीही चालली असती. गोल, घरंगळणारा दाणाच का निवडला, याचं उत्तर त्या अर्थात मिळत नाही.

‘पाने पुसणे’ची गोष्ट वेगळी. तिथे जेवणाची आशा आधी लावलेली असते. मग पंगतीतलं उष्टं पान नुसतं तोंडाला पुसायचं. तोंड खरकटं, पोट रिकामं. म्हणून या वाक्प्रचाराला आधी दिलेला शब्द लागतो, आणि पत्रिकेतल्या वाक्यात तो स्पष्ट आहे.

एकच भिशीवाला घ्या. तुम्ही उसने मागितलेत आणि त्याने दारातूनच ‘जमणार नाही’ म्हटलं, तर त्याने तुम्हाला वाटाण्याच्या अक्षता लावल्या. दिवाळीला सगळी रक्कम देतो म्हणाला आणि दिवाळीला शंभराची नोट टेकवली, तर तोंडाला पाने पुसली. तुम्ही दार अडवून बसलात आणि तो मागच्या दाराने पसार झाला, तर हातावर तुरी दिल्या. तुरीत निसटणं हवंच. ओंजळभर तुरी सांभाळणाऱ्याला पळणाऱ्याचा हात धरता येत नाही, असं मी त्याचं चित्र लावतो.

आणि हो, मुलीला रिकाम्या जागेआधीचा ‘च्या’ दाखवा. अक्षता गावकऱ्यांना लावतात. ‘गावकऱ्यांच्या’ म्हटलं की पुढे कपाळाला तरी हवं, नाहीतर तोंडाला.