आजीसाठी वाढदिवसाचा व्हिडिओ: संहिता कशी लिहावी

गावापासून दूर राहून आजीला पाठवायच्या या व्हिडिओसाठी तुम्ही लिहिलेल्या मसुद्यात तिकडच्या नोकरीची आणि हवामानाची माहितीच अधिक आहे; ती फोनवर सांगता येईल, म्हणून येथून काढून टाकावी. संदेश दीड मिनिटाचा असेल, तर दीडशे शब्द पुरेत, कारण ऐकू कमी येणाऱ्या माणसासाठी सावकाशच बोलावे लागते. आरंभी नमस्कार करून "आजी, कशी शे तू?" असे अहिराणीत विचारावे आणि पुढचे वाक्य उच्चारण्यापूर्वी चार सेकंद थांबावे, कारण ध्वनिमुद्रण आहे हे ठाऊक असूनही आजी पडद्याला उत्तर देतातच, आणि तुम्ही थांबला नाहीत तर पुढचे शब्द त्यांच्याच आवाजात बुडतात. मध्यभागी एकच आठवण घ्यावी, पण ती नेमकी असावी. "तुझ्या हातचे मांडे आठवतात" एवढ्याने भागत नाही. "कानबाईच्या रोटाला तू दोन्ही हातांवर मांडा फिरवत मोठा करून खापरावर टाकायचीस आणि पहिला मला देशील का, म्हणून मी चुलीपाशी बसून राहायचो" असे लिहावे. (पहिला अर्थातच देवीला जायचा.) गावी येण्याची तारीख मात्र तिकीट हाती असेल तरच सांगावी, कारण आजी ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवतात.