देणगीतला बहुतेक पैसा पगारावर का जातो?

"आमच्या संस्थेच्या खर्चात ७० टक्के पगारच आहेत. देणगीदार म्हणतात, मग कामाला काय उरतं? काय सांगू?"

पगार घेणारी माणसं दिवसभर काय करतात, ते सांगा. वाचनात मागे पडलेल्या मुलांना शिकवणारी संस्था घ्या. पुस्तकं, तक्ते एकदा घेतले की बरीच वर्षं पुरतात. पण अडखळणाऱ्या मुलाशेजारी रोज बसायला माणूसच लागतो. शिक्षिकेचा पगार हाच तिथला कामाचा खर्च. धान्य वाटणाऱ्या संस्थेत पैसा मालात जातो, म्हणून तिच्याशी तुलना करण्यात अर्थ नाही.

खरा घोळ होतो तो हिशेबात 'पगार' अशी एकच ओळ दाखवल्यामुळे. ती फोडा. समजा, त्या ७० पैकी ५५ शिक्षिकांचे, ८ देखरेख आणि मुलांच्या चाचण्यांचे, ७ कार्यालय व हिशेबाचे. म्हणजे प्रशासनाचे पगार शंभरात ७. समन्वयक अर्धा वेळ वर्गांवर असेल, तर तिचा पगारही तसाच विभागा, पण वेळेच्या नोंदी ठेवून, अंदाजाने नव्हे.

पगार कापून आकडा सुंदर दिसेल, पण शिक्षिका वर्षाच्या मध्येच सोडून जाईल. नवीला शिकवायचं, आणि मुलांची गाडी पुन्हा पहिल्या पानावर.

मात्र मुलं तेवढीच आणि वरच्या पदांचेच पगार वाढले असतील, तर देणगीदाराची शंका रास्त आहे. म्हणून एका मुलामागचा वार्षिक खर्च आणि त्या वर्षात वाचू लागलेली मुलं, हे दोन आकडे दरवर्षी शेजारी शेजारी द्या.